वायरमनच्या हातावरची ओळ

गाणं शोधायला येणारा माणूस ते आधी गाऊन दाखवतो, आणि तेही भलत्याच चालीत, ही रेकॉर्डबाईंच्या नोकरीतली सगळ्यात मोठी शिक्षा होती. रेडिओ केंद्राच्या तळमजल्यावर जिन्याला लागून एक दार होतं. त्या दारातून आत गेलं की बाईंचं राज्य सुरू व्हायचं. छतापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडण्या, उभ्या लावलेल्या तबकड्या, टेपांची चपटी खोकी, आणि कोपऱ्यात ऐकण्यासाठी दोन काचेच्या खोल्या. टेबलापाशी चहा आणायला बंदी होती. गुणगुणायलाही बंदी होती. केंद्रसंचालकसुद्धा आत येताना कप बाहेरच्या खिडकीत ठेवून यायचे, कारण नवीन असताना एकदा विसरले होते आणि बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं होतं.

बाईंचं खरं नाव केंद्रात बहुतेकांना माहीत नव्हतं. रेकॉर्डबाई म्हटलं की शिपायापासून निवेदकापर्यंत सगळ्यांना कळायचं. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की ध्वनिरोधक भिंतीही कान टवकारतील. गळ्यात दोऱ्यानं अडकवलेला चष्मा आणि डोक्यावर विसरलेला दुसरा. स्वतः त्या कधीच गात नसत. गाण्याबद्दल त्यांचा एकच नियम होता: कानांनी ऐकल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. लोकांच्या आठवणीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. “माणसं काल काय जेवली ते विसरतात आणि तीस वर्षांपूर्वीचं गाणं शपथेवर सांगतात,” असं त्या म्हणायच्या, आणि म्हणताना समोरच्याकडे असं बघायच्या की तो शपथ मागे घ्यायचा.

अशा बाईंच्या टेबलापुढे एक दिवस वायरमनची बायको येऊन बसली. बस म्हणायची वाटही तिनं पाहिली नाही. साठीच्या पुढची, ठसठशीत, हातात पिशवी, आणि पिशवीत फोन शोधता शोधता किल्ल्या, औषधाची पट्टी, अर्धं लिंबू असं सगळं टेबलावर आलं.

“लिंबू उचला,” बाई म्हणाल्या.

“उचलते हो. आधी हे बघा.”

फोनवर एका माणसाच्या हाताचा फोटो होता. पुरुषाचा, सावळा, मनगटापासून कोपरापर्यंतचा आतला भाग. त्यावर फिकट निळसर हिरव्या अक्षरांत गोंदलेलं होतं: *उभी राहून थकली सावली, दार आता उघड तरी.* खाली ना नाव, ना तारीख, ना फूल, ना बाण.

“आमच्या ह्यांचा हात,” ती म्हणाली. “गेले चार महिन्यांपूर्वी. जन्मभर वायरमनचं काम केलं. आज या इमारतीत, उद्या त्या. हे कुठलं गाणं आहे ते मला पाहिजे.”

“गाणंच आहे कशावरून?”

“तेच म्हणायचे. मी विचारलं की म्हणायचे, ‘गाणं आहे एक.’ पुढं विचारलं की कानापर्यंत लाल व्हायचे आणि स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागायचे. घरात काही बिघडलेलं नसलं तरी! सगळा संसार झाला, दोन मुलं झाली, ह्या माणसानं मला एका ओळीचा पत्ता लागू दिला नाही.”

बाईंनी वहीऐवजी हातातल्या कागदाच्या चिठोऱ्यावर ओळ उतरवून घेतली. “लग्नाआधीचं गोंदण की नंतरचं?”

पिशवीचा बंद वायरमनच्या बायकोनं दोनदा गुंडाळला आणि सोडला.

“आधीचं. आदल्या वर्षीचं. बघायला आले तेव्हा फुल शर्ट घालून आले होते, बटणं लावून. लग्नानंतर पहिल्यांदा दिसलं.” मग तिचा आवाज चढला. “कुणाचं दार, ते सांगा ना तुम्ही मला! माझं दार तर कधी बंद नव्हतं. मी कुणाला उभं ठेवलं नाही. मग कुणाच्या दारात हा माणूस थकेपर्यंत उभा होता?”

खरी गोष्ट ही होती. मुलानं बापाची आठवण म्हणून घराच्या दर्शनी भिंतीवर ती ओळ रंगवून घ्यायचं ठरवलं होतं, मोठ्या अक्षरांत, हुबेहूब हातावरच्या वळणानं. पेंटरनं भिंत घासून पांढरी करून ठेवली होती. आई रोज काहीतरी कारण काढून त्याला परत पाठवत होती.

“दुसऱ्या बाईची ओळ असली तर ती माझ्या भिंतीवर येणार नाही,” ती म्हणाली. “जन्मभर उशाशी बघितली तेवढी पुरे. आता येता-जाता डोक्यावर नको. आणि नसली दुसऱ्या कुणाची, तर तसं सांगा. पण खरं सांगा. मनधरणी करायला मला घरात माणसं आहेत.”

रेकॉर्डबाईंना ही शेवटची गोष्ट आवडली. तोंडावर मात्र त्या म्हणाल्या, “आठवड्यानं या. आणि येताना लिंबू आणू नका.”

गाणी शोधायची म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. त्याला वाटतं, एवढी मोठी खोली, एवढी यंत्रं, बटण दाबलं की गाणं बाहेर. संग्रहात गाणं लावलेलं असतं ते मुखड्यावरून, म्हणजे पहिल्या ओळीवरून. गायक ठाऊक असला तर गायकावरून, संगीतकार ठाऊक असला तर त्याच्यावरून. ओळ जर मधल्या अंतऱ्यातली असली, तर ती कुठंही लिहिलेली नसते. ती फक्त तबकडीच्या खाचेत असते आणि सुई तिथं पोचेपर्यंत ऐकत बसावं लागतं.

बाईंनी आधी मुखड्यांची कार्डं चाळली. ‘उभी’वरून, मग ओळ उलटी असेल म्हणून ‘दार’वरून, मग ‘थकली’वरून. नाही. संगणकात टाकून बघितली. नाही. छापील गीतसंग्रह काढले, कारण पुस्तकात निदान अंतरे असतात. तिथंही नाही. इंटरनेटवर शोधली तर ढीगभर चित्रं आली आणि क्षणभर बाईंचा जीव भांड्यात पडला. मावळत्या सूर्यावर तीच ओळ, कपबशीवर तीच ओळ, आणि एका टी-शर्टवर तर छातीवर ओळ आणि खाली ‘एक अज्ञात कवी’. बाईंनी प्रत्येक चित्राची तारीख पाहिली. सगळी गेल्या चार महिन्यांतली. वायरमनच्या मुलानं बापाच्या हाताचा फोटो लोकांना दाखवला होता, तिथून ती ओळ सुटली होती आणि गावभर हिंडून आता बाईंना स्वतःचाच पुरावा म्हणून भेटत होती. एका ठिकाणी तर खाली एका तरुण कवीनं सही ठोकली होती. त्याचा जन्म गोंदणानंतरचा.

“चोरानं घरमालकाला पत्ता विचारावा, तशातली गत,” बाई स्वतःशी म्हणाल्या आणि संगणक बंद केला.

मग त्यांनी शिस्तीत काम घेतलं. गोंदणाचं साल पक्कं होतं. गाणं गोंदणाच्या आधीचं असणार, हे तर उघडच. तेव्हा त्या सालापर्यंतच्या तबकड्यांतून ज्यात दार, सावली, वाट पाहणं असला मामला असेल त्या बाजूला काढायच्या आणि ऐकायच्या. पुढच्या सालांची मांडणी त्यांनी सरळ वगळली. वाट पाहणाऱ्या बायकांची गाणी एवढी निघाली की बाईंना सगळ्या पुरुषजातीचा संताप आला. कुणी खिडकीत, कुणी उंबऱ्यात, कुणी नदीवर, आणि येणारा मेला एकाही गाण्यात वेळेवर येत नाही. ऐकून ऐकून कान बधिर झाले. ती ओळ मात्र कुठंही नव्हती.

शेवटी त्यांनी नाइलाजानं सकाळच्या निवेदकाला सांगितलं. निवेदक उत्साही होता, आणि उत्साही माणूस बाईंना सर्दीसारखा वाटायचा. “फक्त ओळ वाच,” त्यांनी बजावलं. “कुणी मागितली, कुठं लिहिली होती, एक अक्षर सांगायचं नाही. सांगितलंस तर लोक गोष्ट रचून देतील.”

त्यानं तेवढं तरी ऐकलं. ओळ वाचली, आणि फोन सुरू झाले. प्रत्येकाला गाणं ठाऊक होतं. प्रत्येकानं ते गाऊन दाखवलं. एकानं भजनाच्या चालीत, एकीनं अंगाईच्या, एका निवृत्त मुख्याध्यापकांनी तर कवायतीच्या ठेक्यात. ओळ अशी गुणी की कुठल्याही चालीत मुकाट्यानं बसायची. सिनेमांची नावं आली, ती सगळी बाईंनी तपासली. एका सिनेमात गाणीच नव्हती. एक गृहस्थ म्हणाले, ही ओळ त्यांची स्वतःची, कॉलेजात असताना केलेली, आणि आता आठवण निघालीच आहे तर बाकीच्या कविताही घेऊन येतो.

“नका येऊ,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

घरी गेल्यावर त्यांच्या यजमानांनी विचारलं, “काय झालं आज?” हा प्रश्न ते रोज विचारत आणि उत्तर ऐकताना रोज पंख्याकडे बघत.

“सगळ्यांना येतंय ते गाणं. फक्त ते गाणं कुठं नाहीये.”

“हं.”

“तुमच्या हातावर काही गोंदलेलं असतं तर तुम्ही मला सांगितलं असतं का?”

यजमानांनी आपल्या दोन्ही हातांकडे निरखून पाहिलं, जणू काही राहून गेलंय की काय. “माझ्या हातावर कुठं काय आहे?”

“असतं तर!”

“सुई टोचते गं,” ते म्हणाले. बाई चिडून भाकऱ्या थापायला गेल्या. भाकऱ्या त्या दिवशी चांगल्याच पातळ झाल्या.

आठवडा झाला आणि वायरमनची बायको आली. लिंबू नव्हतं. चेहरा उतरला होता.

“पेंटर म्हणतो, दुसरं काम धरतो. मुलगा म्हणतो, आई, तुला बाबांची आठवण नको का? आता त्याला काय सांगू, बाबा रे, तुझ्या बापाची दुसरी कुणाची तरी आठवण आहे ही? सून तर मला बघितलं की कुजबूज बंद करते. सापडलं का?”

“नाही.”

“म्हणजे सापडलंय, पण सांगत नाही.”

“काकू, मी लोकांचं मन राखायला पगार घेत नाही. नाही म्हणजे नाही.”

“मग तुम्हाला काय वाटतं, ते तरी सांगा.”

आता ‘कुठलं तरी जुनं भक्तिगीत असावं, देवळाच्या दाराबद्दल’ असं म्हटलं असतं तर काम झालं असतं. भिंत रंगली असती, सून बोलायला लागली असती. ते वाक्य बाईंच्या ओठापर्यंत आलं होतं. पण समोरची बाई त्यांच्या तोंडाकडे अशी टक लावून बघत होती, की खोटं बोलायची त्यांना लाज वाटली.

“मला काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू येतं तेवढंच मी सांगते. आणखी एक माणूस राहिलाय विचारायचा. त्याच्याकडे जायचं माझ्या जिवावर आलंय, म्हणून राहिलाय.”

तो माणूस म्हणजे मास्तर. एकेकाळी एका मोठ्या संगीतकाराचे सहायक. वाद्यवृंद बांधायचा, गायकाकडून चाल बसवून घ्यायची, वादकांना वेळेवर आणायचं आणि भांडणं मिटवायची, असं सगळं त्यांच्याकडे असे. आता ऐंशीच्या घरात, कानानं अधू, त्यामुळे फोनचा उपयोग नाही. रेडिओ तर त्यांनी कधीच सोडला होता, कारण त्यांच्या मते रेडिओवाले सहायकाचं नाव घेत नाहीत. घरी गेलं की आधी ह्याच तक्रारीचं पारायण ऐकावं लागे, आणि केंद्राच्या वतीनं माफीही मागावी लागे. बाईंनी आजवर तीनदा मागितली होती.

चौथ्यांदा मागितली. मास्तरांच्या सुनेनं चहा आणला. मास्तर पलंगावर पाय घेऊन बसले होते आणि कुणाकुणाची नावं कशी कुणी खाल्ली ते सांगत होते. बाईंनी चहा संपेपर्यंत कळ काढली, मग चिठोऱ्यावर मोठ्या अक्षरांत ओळ लिहून त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. बाकी काही सांगितलं नाही.

मास्तरांनी वाचलं. मग असे हसायला लागले, की ठसका लागला. सून पाणी घेऊन धावली.

“माझी ओळ!” श्वास सावरल्यावर ते म्हणाले. “अगं, ही माझी ओळ!”

बाईंनी कपाळाला हात लावला. कॉलेजातल्या कवीनंतर आता हे.

“मास्तर, गाणं कुठलं?” त्या मास्तरांच्या कानाशी ओरडल्या.

“गाणं कुठलं म्हणजे? गाण्यात ही नाहीच! डमी आहे ती, डमी!”

“डमी?”

“रेकॉर्डबाई म्हणवतेस आणि एवढं कळत नाही? चाल आधी झाली की शब्द कुठून आणायचे? कवी अजून घरी झोपलेला. मग चालीवर काहीही शब्द बसवायचे, वजन कळायला. गायकाला तेच शिकवायचे, वादकांनी त्यावरच तालीम करायची. कवीचे खरे शब्द आले की हे गेले केराच्या टोपलीत. अशा हजार ओळी मी टोपलीत टाकल्यात. एकीलाही कुणी माझं नाव दिलं नाही.”

“आणि ही?”

“ही कशी झाली, सांगतो. आमच्या गुरुजींना, म्हणजे संगीतकारांना, डॉक्टरनं सिगरेट बंद केली होती. मग ते तालमीच्या मधेच न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावायचे आणि धूर काढत बसायचे. त्या दिवशी मला घाईची लागलेली. दाराबाहेर उभा राहून राहून माझा जीव चाललेला. चाल तोंडात होतीच. म्हटलं,” आणि मास्तरांनी कापऱ्या, फाटक्या, पण बिनचूक सुरात गाऊन दाखवलं, “उभी राहून थकली सावली, दार आता उघड तरी! सगळा वाद्यवृंद हसून लोळला. गुरुजी आतून म्हणाले, वजन झकास आहे, हेच ठेव.”

बाईंना ती चाल ऐकताच कळलं, गाणं कुठलं ते. कुणालाही कळलं असतं. *किती वाहून दमली ही नदी, गाव माझा कुठे तरी.* घराघरात गेलेलं गाणं. शेवटचा ‘तरी’ तेवढा कवीनं तसाच ठेवला होता. पण ते गाणं गोंदणाच्या नंतरच्या सालातलं, म्हणजे बाईंनी हात न लावलेल्या मांडणीतलं. ज्या शिस्तीचा त्यांना एवढा तोरा, त्या शिस्तीनंच ते दाराबाहेर ठेवलं होतं. बाईंना स्वतःचा भयंकर राग आला.

तरी नियम तो नियम. वजन जुळतं, पण वजन तर अंगाईचंही जुळलं होतं. “मास्तर, रेकॉर्डमध्ये ही ओळ नाही, छापलेली नाही. मग ती तुमच्या त्या खोलीतून बाहेर गेली कशी?”

“कशी म्हणजे? तो वायरमन!” मास्तर म्हणाले. वायरमनचं तर बाईंनी नावही काढलं नव्हतं. “आमच्या तालमीच्या हॉलची वायरिंग नवी करत होता. कोवळा पोरगा. दिवसभर शिडीवर, आणि खाली आम्ही हेच घोळवतोय. त्याला ते इतकं आवडलं, की रोज विचारायचा, रेकॉर्ड कधी येणार. मी म्हटलं, येईल दोन-तीन महिन्यांत. रेकॉर्ड आली, आणि हा आला भांडायला. दारातच बाही वर केली. अख्ख्या हातावर माझी ओळ! म्हणे, तुम्ही शब्द बदललेत! मी सगळ्यांना सांगून बसलोय, हे गाणं येणार म्हणून! आता लोकांना काय दाखवू?”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“काय म्हणणार? सगळे होते तिथं. व्हायोलिनवाले, ढोलकीवाला, कोरसच्या मुली. गोंदण बघून एवढे हसलो आम्ही, एवढे हसलो. कुणीतरी त्याला ते न्हाणीघराचं दारही दाखवलं, की बाबा, हे बघ तुझं दार.” मास्तर परत हसायला लागले, मग बाईंच्या चेहऱ्याकडे बघून थांबले. “तो नाही हसला. बाही खाली केली, बटण लावलं आणि गेला. उरलेली वायरिंग करायला दुसराच माणूस आला.”

बाई निघाल्या तेव्हा मास्तरांनी दारापर्यंत येऊन बजावलं, “रेडिओवर सांगशील तर माझं नाव घे.”

दुसऱ्या दिवशी वायरमनची बायको आली, तेव्हा बाईंनी तिला काचेच्या खोलीत बसवलं आणि दार लावून घेतलं. आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. डमी शब्द म्हणजे काय ते, तालीम, शिडी, सिगरेट, न्हाणीघर. हसणाऱ्या वादकांचंही सांगितलं. ते सांगताना त्यांनी तिच्याकडे बघायचं टाळलं. मग तबकडी लावली.

पहिल्या सुरालाच वायरमनची बायको ताठ झाली.

“हे गाणं?”

“हेच.”

“हे तर माझं गाणं! लग्न होऊन आले तेव्हा रेडिओवर सारखं लागायचं. मी स्वयंपाक करताना हेच म्हणायची. आणि हे उठून बाहेर जायचे. लागलं की रेडिओ बंद करायचे. मला वाटायचं, माझा आवाज नाही आवडत. सासूबाई पण म्हणाल्या, त्याला नाही आवडत, तू नको गाऊ.” ती तबकडीकडे बघत होती. “मग मी सोडलं. गायचंच सोडलं मी. मुलांनासुद्धा पाठीवर थापट्या मारून झोपवलं.”

गाणं संपलं, सुई उचलली गेली.

“असा कसा माणूस!” वायरमनची बायको एकदम उसळली. “एक वाक्य! बाई गं, माझी फजिती झाली, एवढंच सांगायचं होतं. मी इकडं त्या दारातल्या सटवीचे डोळे कसे असतील, केस कसे असतील, ह्याचा विचार करून करून झिजले. तिच्यासारखं दिसू नये म्हणून मी पंचविशीत निळी साडी घ्यायची बंद केली, कारण मला उगाच वाटायचं की ती निळी नेसत असेल. आणि आत कोण? तर सिगरेट ओढणारा म्हातारा!”

तिला हसू आलं. आधी नाकातून, मग पोटातून, मग डोळ्यांना पदर लावून ती बराच वेळ हसली, आणि त्यातच कधीतरी रडायला लागली. बाईंनी आपला रुमाल पुढे केला, तो घेऊन तिनं नाक शिंकरलं. बाईंनी तेही मुकाट्यानं चालवून घेतलं.

“मी हसेन म्हणून नाही सांगितलं,” ती म्हणाली. “एवढ्या लोकांनी हसून घेतल्यावर आणि घरात कशाला. ह्यांचं बरोबर आहे. हसलेच असते मी.” मग जरा वेळानं, “पण मी हसून मग जवळ घेतलं असतं ना हो. त्या वादकांनी थोडंच घेतलं?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“मग आता ही ओळ कुणाची? त्या मास्तरांची?”

“त्यांनी टाकून दिली होती.”

“कवीची?”

“त्यांनी घेतली नाही.”

“गाण्यात?”

“नाही.”

“म्हणजे कुणाचीच नाही,” वायरमनची बायको म्हणाली. तिनं पिशवी आवरली, फोन काढला आणि तिथंच, बाईंच्या काचेच्या खोलीत, मुलाला फोन लावला. “पेंटरला बोलाव. हो, तीच ओळ. नाही रे, कुणाचं नाव नको खाली. असू दे, माझी आहे ती.”

फोन ठेवून तिनं तिथले हेडफोन आपल्या हातानं कानांवर चढवले आणि बाईंना खूण केली, परत लावा. सूर सुरू झाले, आणि वायरमनची बायको नदीचे शब्द सोडून सावलीचे शब्द गायला लागली, भलत्याच पट्टीत, मोठ्यांदा, काचेबाहेरच्या सगळ्यांनी माना वळवण्याइतकं मोठ्यांदा. निवेदक कप हातात घेऊनच दारापर्यंत धावत आला. रेकॉर्डबाईंनी काचेतून त्याला बोट ओठांवर ठेवून गप्प बसायची खूण केली.